सांगलीच्या उन्हाळ्यात गेम का अडखळतो? साधा फोन, गेमिंग फोन आणि उष्णतेचा हिशेब

एप्रिलमध्ये दुपारी तीनच्या सुमारास विश्रामबागेतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीवरचा तापमापक आरामात 37 दाखवतो. यूट्यूबवरचा परीक्षक तोच फोन एसीच्या खोलीत, 25-26 अंशांत खेळून दाखवतो आणि "एकदाही फ्रेम पडली नाही" म्हणतो. तो खोटं बोलत नाही आणि तुमचा फोनही बिघडलेला नाही. मधे अकरा-बारा अंश आहेत, आणि फोनच्या उष्णतेचा सगळा हिशेब त्या अंशांवर चालतो.

हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी आहे. आपला फोन खरंच उष्णतेमुळे मंदावतोय का ते कसं ओळखायचं, घरच्या घरी काय करायचं आणि गेमिंग फोनवर जादा पैसे घालायचे की नाही, या क्रमाने जाऊ. त्याआधी थोडंसं गणित. ते टाळलं तर पुढच्या पायऱ्या नुसत्या टोटक्यासारख्या वाटतील.

आधी हिशेब समजून घ्या

फोनमधली चिप वीज खाते आणि जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. जोरदार गेम चालू असताना स्क्रीनसह अख्खा फोन साधारण तीन ते पाच वॉट घेतो. चिपला पूर्ण मोकळं सोडलं तर ती थोड्या वेळासाठी दहा वॉटच्याही पुढे जाते. एवढी उष्णता फोनच्या पाठीतून, काचेतून आणि तुमच्या तळहातांतूनच बाहेर जाणार. दुसरी वाट नाही.

बाहेर किती उष्णता जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं: फोनचा पृष्ठभाग हवेपेक्षा किती अंश गरम आहे, त्याचं क्षेत्रफळ किती आणि त्यावरून हवा किती वाहते. 160 बाय 75 मिलिमीटरचा फोन धरा. पुढची-मागची बाजू मिळून, हवा स्थिर असताना, तो दर अंशाच्या फरकाला साधारण पाव वॉट टाकतो. ढोबळ आकडा आहे, पण कामाला पुरतो.

फोन हातात धरायचा असल्यामुळे कंपन्या पाठीचं तापमान साधारण 43 ते 45 अंशांच्या पुढे जाऊ देत नाहीत. त्यापुढे हाताला चटका बसतो आणि बॅटरीचं आयुष्यही कमी होतं. चिप स्वतः आतून 80-90 अंश सहज सोसते. म्हणजे बहुतेक वेळा चिपच्या नव्हे, तुमच्या हाताच्या आणि बॅटरीच्या काळजीने फोन मंदावतो.

आता आकडे घाला. साध्या फोनची पाठ चिपच्या जागी 43 आणि कडेला बरीच थंड, म्हणजे सरासरी 40 अंश समजा. खोलीत 26 अंश असतील तर फरक 14 चा, आणि बाहेर जाणार साडेतीन वॉट. गेम मजेत चालेल. खोलीत 37 असतील तर फरक उरला तीन अंशांचा, बाहेर जाणार पाऊण वॉट. तेवढं तर नुसती स्क्रीनच खाते! प्रत्यक्षात वर फिरणारा पंखा आणि हातातून जाणारी उष्णता यांनी थोडा आधार मिळतो, पण तुटीचा हिशेब तो तुटीचाच.

ही तूट पहिल्या काही मिनिटांत जाणवत नाही, कारण फोनचं दोनशे ग्रॅम वजन आधी ती उष्णता पोटात घेतं. चार वॉट जास्तीचे असतील तर असा फोन ढोबळमानाने पाऊण मिनिटाला एक अंश चढतो. 26 वरून 43 ला पोचायला त्याला चांगलाच वेळ लागतो आणि चढता चढता उष्णता बाहेर पडण्याचा वेगही वाढत जातो. 37 वरून सुरुवात केली तर चार-पाच मिनिटांतच मर्यादा येते. म्हणून उन्हाळ्यात पहिला सामना झकास जातो आणि दुसऱ्यात ऐन झोन आकसताना फोन मान टाकतो.

मर्यादा आली की फोन चिपची गती उतरवतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. गती उतरवताना चिपला लागणारा व्होल्टेजही उतरतो आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गती वीस टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के कमी केला तर वीज सुमारे पस्तीस टक्के कमी लागते. हे लक्षात ठेवा, पुढे फुकटचा उपाय यातूनच निघणार आहे.

पायरी पहिली: दोष उष्णतेचाच आहे का ते बघा

"फोन लॅग मारतोय" या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात. पडद्यावरचे खेळाडू उड्या मारत पुढे सरकतायत, पण तुमचा स्वतःचा कॅमेरा मात्र मऊसूत फिरतोय, तर ते नेटवर्क. गेम उघडल्या उघडल्या, फोन थंड असतानाच अडखळतोय, तर चिपच कमी पडतेय, नाहीतर बॅटरी सेव्हर चालू राहिलाय. सुरुवात उत्तम, पाच-पंधरा मिनिटांनी फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा आकडा, पायरीपायरीने उतरतो, स्क्रीन आपोआप अंधुक होते, आणि फोन बाजूला ठेवला की थोड्या वेळाने सगळं पूर्ववत, ही मात्र उष्णतेची पक्की खूण. स्क्रीन आपोआप मंद होणं तर फार बोलकं लक्षण आहे. बरेच जण ब्राइटनेस पुन्हा वर ओढतात आणि आगीत तेल घालतात.

फ्रेम रेट बघायला वेगळं ॲप लागत नाही. बहुतेक फोनमध्ये गेम सुरू असताना कडेने ओढून काढायचं गेम टूल असतं. त्यात फ्रेम रेटचा आकडा आणि बऱ्याचदा तापमानही दिसतं. ते चालू करून एक पूर्ण सामना खेळा आणि आकडा कुठल्या मिनिटाला पडला ते कागदावर लिहा.

पायरी दुसरी: फोनलाच विचारा

ही पायरी ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी. नसेल तर खुशाल सोडा, पुढचं काही अडत नाही.

अँड्रॉइड 10 पासून फोन स्वतःची उष्णतेची अवस्था शून्य ते सहा या आकड्यांत सांगतो. शून्य म्हणजे निवांत, एक म्हणजे किंचित, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे गंभीर. त्यापुढचे आकडे आणीबाणीचे आहेत आणि सहाला फोन बंद व्हायच्या बेतात असतो. हा आकडा वाचायला गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडा.

इथे नवखे एक चूक हमखास करतात. ते यूएसबी केबल लावून मोजतात. केबल लावली की फोन चार्ज होऊ लागतो, चार्जिंगची उष्णता वाढते आणि जे मोजायचं तेच बिघडतं. म्हणून अँड्रॉइड 11 पासून असलेलं वायरलेस डिबगिंग वापरा. पहिली आज्ञा जोडी जमवायची, दुसरी जोडणी करायची. दोन्हींचे शेवटचे पोर्ट क्रमांक वेगवेगळे असतात, ते फोनच्या पडद्यावर दिसतात तसेच घाला.

```
adb pair 192.168.1.7:37129
adb connect 192.168.1.7:41235
adb shell dumpsys thermalservice
adb shell dumpsys battery
```

तिसऱ्या आज्ञेच्या उत्तरात `Thermal Status` समोरचा आकडा बघा. त्याखालच्या ओळींत `mType=3` असलेली ओळ पाठीच्या तापमानाची, `mType=2` ची बॅटरीची. काही फोन पाठीचं तापमान दाखवत नाहीत. मग चौथ्या आज्ञेतलं `temperature` वापरा. तिथे 384 दिसलं तर दचकू नका, तो आकडा दशांशात असतो, म्हणजे 38.4 अंश.

खेळायच्या आधी एकदा, मग दर पाच मिनिटांनी एकदा वाचा. फ्रेम रेट पडला त्याच सुमारास अवस्था दोन किंवा तीनवर गेली असेल तर चोर सापडला.

ज्यांना आकड्यांची तुलना करायची आहे त्यांनी 3डीमार्क या बेंचमार्क ॲपची, म्हणजे फोनचा वेग मोजून गुण देणाऱ्या ॲपची, वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट चालवावी. एक-एक मिनिटाच्या वीस फेऱ्या होतात आणि शेवटी स्थिरतेची टक्केवारी मिळते, म्हणजे सगळ्यात वाईट फेरी सगळ्यात चांगल्या फेरीच्या किती टक्के आहे ते. ही टक्केवारी फसवी असते. पहिल्यापासूनच हळू धावणारा स्वस्त फोन 98 टक्के मिळवून जातो आणि महागडा फोन 60 टक्क्यांवर येतो, तरी महागड्याची विसावी फेरी स्वस्ताच्या पहिल्या फेरीपेक्षा वेगवान असू शकते. शेवटच्या फेरीचे गुण बघा. आणि नुसत्या बेंचमार्कवरही विसंबू नका. 2022 मध्ये सॅमसंगची गेमची गती आवरणारी सेवा गेमना लगाम घालत होती, पण बेंचमार्कना नाही, हे उघड झालं आणि गीकबेंच या बेंचमार्कने सॅमसंगचे काही गॅलेक्सी एस फोन आपल्या यादीतून काढले. म्हणून जो गेम खेळायचा त्याच गेमवर मोजा.

पायरी तिसरी: एका वेळी एकच गोष्ट बदला

माझा मामेभाऊ वालचंदला शिकतो, राहायला विश्रामबागेतच. बीजीएमआय हा गेम 90 फ्रेमवर, स्लॅबखालची खोली, जाड रबरी कव्हर आणि चार्जर कायम खोचलेला. "दादा, फोन गंडलाय, बदलायलाच पाहिजे बघ," असं त्याचं म्हणणं. खोलीत 36 अंश होते. दहाएक मिनिटांत फ्रेम रेट पन्नाशीत, अवस्था तीन, बॅटरी 44 च्या वर.

पहिल्यांदा चार्जर काढला. चार्जिंगमध्ये एक ते दोन वॉट उष्णता फोनच्या पोटातच तयार होते. वरच्या हिशेबात अख्खा फोन जेमतेम एक वॉट बाहेर टाकू शकत होता, म्हणजे चार्जरने एकट्याने सगळी शिल्लक खाल्ली होती. ज्यांना चार्जर लावून खेळावंच लागतं त्यांनी आपल्या फोनमध्ये बायपास चार्जिंग आहे का ते शोधावं. त्यात वीज बॅटरीत न भरता थेट फोनला पुरवली जाते. गेमिंग फोनमध्ये ही सोय बहुधा असतेच, पण आता कित्येक साध्या फोनमध्येही असते. सॅमसंगमध्ये ती गेम बूस्टरच्या सेटिंगमध्ये 'पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी' या नावाने दडलेली आहे. मात्र तिला जुळणारा पीडी चार्जर लागतो आणि बॅटरी अगदी रिकामी असेल तर ती चालत नाही.

मग कव्हर काढलं. रबर आणि प्लॅस्टिक उष्णता नीट वाहू देत नाहीत. पाठीची सगळी मेहनत कव्हर अडवतं.

तिसरा बदल फ्रेम रेटचा: 90 वरून 60, ग्राफिक्स स्मूथ. हा त्याला पटेना. पण व्होल्टेजच्या वर्गाची गोष्ट आठवा. चिपला थोडं कमी पळवलं की वीज भरपूर वाचते. 90 ने सुरू होऊन 50 वर अडखळणाऱ्या गेमपेक्षा शेवटपर्यंत सरळ चालणारा 60 चा गेम नेम धरायला केव्हाही बरा, कारण बोटांना सवय स्थिर गतीची होते.

शेवटी टेबल फॅन. फोनच्या पाठीवर नीट वारा लागेल असा, बाजूने. स्थिर हवेच्या तुलनेत वाहत्या हवेत फोन सहज दुपटी-तिपटीने उष्णता टाकतो. एवढं सगळं झाल्यावर त्याच खोलीत, त्याच दुपारी फ्रेम रेट 60 वर टिकला आणि अवस्था एकच्या वर गेली नाही. फोन बदलायचा विषय तूर्त मागे पडला. त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशाच दिसली, ते सोडा.

एक करू नका: तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणं किंवा ओलं फडकं गुंडाळणं. एकदम थंडावा मिळाला की हवेतली वाफ फोनच्या आत पाणी होऊन बसते.

गेमिंग फोन नेमकं वेगळं काय करतो

हिशेबातल्या तीनच गोष्टी आहेत, त्यामुळे कुठलीही कंपनी त्यांतल्याच एखादीला हात घालते. जाहिरातीतले अकरा-बारा थर आणि बर्फाची नावं ऐकून गोंधळू नका.

पहिली करामत उष्णता पसरवण्याची. व्हेपर चेंबर म्हणजे तांब्याची किंवा स्टीलची, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पोकळ चपटी डबी. आत हवा काढून टाकून थेंबभर पाणी ठेवलेलं असतं. चिपजवळ पाण्याची वाफ होते, ती थंड कडेकडे पळते, तिथे पुन्हा पाणी होते आणि आतल्या बारीक जाळीतून परत चिपकडे ओढली जाते. पातळ पत्र्याच्या तव्यावर भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते, जाड तव्यावर सारखी भाजते, तसा हा फरक. मधला ठिपका 43 वर असतानाच कडाही 41-42 वर येतात आणि सरासरी 40 ची 42 होते. 26 अंशांच्या खोलीत त्याने साडेतीन वॉटचे चार झाले, म्हणजे थोडासाच फायदा. 37 अंशांत पाऊण वॉटचा सव्वा वॉट झाला. प्रमाणात फायदा मोठा, पण हातात पडले सव्वा वॉटच. व्हेपर चेंबर उष्णता बाहेर फेकत नाही, फक्त पसरवतो. म्हणून "एवढे हजार चौरस मिलिमीटर" या आकड्याला मी फारसं महत्त्व देत नाही. कित्येकदा त्यात उष्णता पसरवणाऱ्या ग्रॅफाइटच्या सगळ्या थरांची बेरीज केलेली असते. शिवाय आता साध्या महाग फोनमध्येही व्हेपर चेंबर येतो, 2025 च्या आयफोन 17 प्रोमध्येसुद्धा.

दुसरी करामत हवा हलवण्याची, आणि खरा फरक इथे पडतो. नुबियाच्या रेड मॅजिक 3 ने 2019 मध्ये फोनच्या आतच पंखा बसवला. हवा एका कडेच्या जाळीतून आत येते, व्हेपर चेंबरला जोडलेल्या बारीक पात्यांवरून जाते आणि दुसरीकडून बाहेर पडते. सांगलीसारख्या ठिकाणी ही एकच गोष्ट हिशेब पालटते, कारण हवा गरम असली तरी ती भरपूर वाहते. तोटेही त्यातूनच येतात: आवाज, जाळीत अडकणारी धूळ, आणि पाण्यापासून संरक्षण देणं अवघड. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमध्ये दिवस काढणाऱ्याने असा फोन घ्यावा का, याचा विचार त्यानेच करावा. असूसने वेगळी वाट धरली. 2018 च्या पहिल्या आरओजी फोनबरोबर पाठीला लावायचा पंखा आला, आणि आरओजी फोन 5 मध्ये बॅटरीचे दोन भाग करून चिप मधोमध आणली. खेळताना बोटं फोनच्या दोन टोकांना असतात, तापलेला भाग मधे राहतो. साध्या फोनमध्ये चिप बहुधा कॅमेऱ्याजवळ, वरच्या भागात असते, म्हणजे आडवा धरल्यावर नेमकी एका हाताखाली.

तिसरी गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. गेमिंग मोड चालू केला की असा फोन पाठीला दोन-चार अंश जास्त तापू देतो. 43 ऐवजी 47 ची मर्यादा धरली तर 37 अंशांच्या खोलीत सव्वा वॉटचे सव्वादोन होतात. म्हणजे कामगिरीतला मोठा वाटा केवळ परवानगीचा असतो, आणि त्याची किंमत तुमची बोटं व बॅटरी देते.

मग घ्यायचा का? बीजीएमआय 60 वर खेळायचा असेल तर गरज नाही. त्यापेक्षा कमी वीज खाणारी चिप बघा. स्नॅपड्रॅगन 8 जेन 1 आणि 8 प्लस जेन 1 या जवळजवळ सारख्या चिप, पण दुसरी टीएसएमसीच्या कारखान्यात बनली आणि तेवढ्याच कामाला बरीच कमी वीज घेऊ लागली. जुना फोन घेताना हा एक 'प्लस' कुठल्याही व्हेपर चेंबरपेक्षा जास्त उपयोगी. 90-120 फ्रेमवर तासन्‌तास, तेही एसी नसलेल्या खोलीत खेळणारा असेल, तर पंख्याचा फोन त्याच्यासाठी आहे.

पाठीला लावायचा कूलर: मे वेगळा, जुलै वेगळा

साध्या फोनला कूलर लावून अर्धं काम साधता येतं. नुसता पंखा असलेला कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पेल्टियर कूलर करतो, कारण त्यातली पट्टी विजेने एक बाजू थंड आणि दुसरी गरम करते. पंखा त्या गरम बाजूसाठी असतो. थंड पट्टी चिपच्या बरोबर वर बसली पाहिजे. ती जागा शोधायला दहा मिनिटं खेळून पाठीवर बोट फिरवा. सगळ्यात गरम जागा तीच. पट्टी आणि पाठ यांच्यात कव्हर नको.

सांगलीच्या मे महिन्यात हवा 38 अंश पण कोरडी, आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास असली तर दव साधारण 15 अंशांना धरतं. पट्टी 20 अंशांवर असली तरी कोरडी राहते. जुलैत मात्र हवा 27 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असली की दव 24 अंशांनाच पडू लागतं. त्याच 20 अंशांच्या पट्टीवर तेव्हा पाणी जमतं, आणि मुख्य म्हणजे पाठीच्या आतल्या बाजूलाही जमू शकतं, जिथे ते दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात पेल्टियर सगळ्यात कमी पातळीवर ठेवा किंवा फक्त पंखा चालवा. तशीही तेव्हा हवा थंड असते आणि गरज कमी पडते. गेम नसताना कूलर चालू ठेवू नका, कारण चिप उष्णता देत नसली की पाठ झपाट्याने दवबिंदूच्या खाली जाते. कूलर काढल्यावर पाठीवर ओलसर गोल दिसला, कॅमेऱ्याच्या काचेत धुकं आलं किंवा चार्जिंगच्या खाचेत ओलावा असल्याची सूचना आली, तर फोन बंद करा, पंख्याखाली कोरडा होऊ द्या आणि तोवर चार्जर लावू नका.